चौघांचे घर, एकाचा डेटा

घरात चार फोन असले आणि त्यातला एक सतत नेट संपवत असला, की घरातला शहाणा माणूस सुचवतो, "सगळ्यांचे मिळून एक पोस्टपेड घेऊन टाकू. ज्याला जास्त लागतो तो जास्त वापरेल, बाकीच्यांचा वाया जाणार नाही." सल्ला पटण्यासारखा आहे. प्रीपेडचा रोजचा कोटा रात्री बाराला संपतो आणि उरलेला डेटा दुसऱ्या दिवशी हाती येत नाही. आईचा एक जीबी रोज वाया जातो आणि त्याच वेळी मुलाचा कोटा संध्याकाळी सातलाच संपलेला असतो. सगळा डेटा एका पिंपात ओतला तर हा अन्याय दूर व्हावा, ही अपेक्षा रास्त आहे. पण आकडे मांडून पाहिले की लक्षात येते, प्रश्न प्रीपेड की पोस्टपेड हा नाहीच. जास्त डेटा वापरणारा माणूस तो डेटा कुठे बसून आणि कोणत्या नेटवर्कवर वापरतो, यावर सगळा हिशेब उलटसुलट होतो. ते न पाहता घेतलेला कोणताही प्लॅन अंदाजपंचे घेतलेला असतो.

हिशेबासाठी नाशिकमधले एक घर धरू. वडील दिवसभर कामानिमित्त बाहेर असतात. त्यांचा वापर व्हॉट्सअॅप, यूपीआय, नकाशा आणि संध्याकाळच्या बातम्या इतका. आई रोज तास-दीड तास यूट्यूब पाहते. दोघांचा मिळून महिन्याला साधारण चाळीस जीबी. आजीला फक्त फोन करायचा आणि घ्यायचा असतो. कॉलेजात जाणारा मुलगा रोज सरासरी चार जीबी संपवतो, म्हणजे महिन्याला एकशेवीस. चौघांचे मिळून एकशेसाठ जीबी. हा वापर अचाट मुळीच नाही. नेटफ्लिक्स स्वतःच सांगते की साध्या प्रतीच्या चित्रासाठी तासाला एक जीबीपर्यंत आणि एचडीसाठी तीन जीबीपर्यंत डेटा लागतो. सव्वा तास एचडी पाहिले की जवळजवळ चार जीबी गेले.

दर एकाच कंपनीचे घेऊ, म्हणजे तुलना सरळ राहील. जुलै २०२४ मध्ये सगळ्या मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. त्यानंतरचे जिओचे आकडे इथे धरले आहेत. दर बदलत राहतात, म्हणून ज्याला आपल्या घराचा हिशेब करायचा आहे त्याने आजचे आकडे घालावेत. पद्धत तीच राहते. प्रीपेडमध्ये रोज दोन जीबीचा चौऱ्याऐंशी दिवसांचा प्लॅन ८५९ रुपयांचा, रोज दीड जीबीचा तेवढ्याच दिवसांचा ७९९ चा, आणि अठ्ठावीस दिवसांचा दोन जीबी रोजचा ३४९ चा. पोस्टपेडच्या कुटुंब योजनेत मुख्य सिमचे ४४९, वर प्रत्येक जोडसिमला १५०. तीन जोडसिम धरली तर महिन्याला ८९९ रुपये. डेटा मुख्य सिमचा पंच्याहत्तर जीबी आणि प्रत्येक जोडसिममागे पाच, म्हणजे एकूण नव्वद जीबी, तोही सगळ्यांत सामायिक.

इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. प्रीपेडच्या जाहीर किमतीत जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडच्या किमतीत नसतो. ८९९ च्या योजनेचे बिल अठरा टक्के करासह सुमारे १,०६१ रुपये येते आणि वर्षाचे १२,७३० होतात. दुसरी गफलत दिवसांची. अठ्ठावीस दिवस म्हणजे महिना नव्हे. अठ्ठावीस दिवसांच्या प्लॅनवर वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज करावे लागतात. ग्राहकांच्या तक्रारींनंतर ट्रायने २०२२ मध्ये कंपन्यांना तीस दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारा प्लॅनही ठेवायला लावला, तो याच कारणाने. पण दुकानात अजूनही सर्वांत आधी दाखवला जातो तो अठ्ठावीस दिवसांचाच. म्हणून तुलना नेहमी वर्षावर करावी. महिन्यावर केली की दोन्ही बाजूंचे आकडे फसवतात.

आता वर्षाची बेरीज. चौघांनाही अठ्ठावीस दिवसांचा ३४९ चा प्लॅन घातला, जसे बहुतेक घरांत सवयीने घातला जातो, तर ३६५ दिवसांना सुमारे १८,२०० रुपये पडतात. तोच प्लॅन चौऱ्याऐंशी दिवसांचा घेतला तर १४,९३०. केवळ मुदत वाढवली आणि तीन हजारांहून अधिक वाचले. पण चौघांना सारखाच प्लॅन का द्यायचा? आजीला डेटा लागतच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलून प्रत्येक कंपनीला फक्त बोलणे आणि एसएमएस देणारा स्वतंत्र प्लॅन ठेवणे बंधनकारक केले. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये चौऱ्याऐंशी दिवसांचा ४४८ रुपयांचा प्लॅन आला. आजीला तो, आई-वडिलांना रोज दीड जीबीचा आणि मुलाला रोज दोन जीबीचा दिला, तर चौऱ्याऐंशी दिवसांचे २,९०५ आणि वर्षाचे सुमारे १२,६२० रुपये होतात.

म्हणजे नीट वाटून घेतलेले प्रीपेड आणि चौघांचे पोस्टपेड यांच्यात वर्षाला जेमतेम शंभर रुपयांचा फरक उरतो. पोस्टपेड महाग असते हा समज इथे टिकत नाही. पोस्टपेडमध्ये डेटा वाया जात नाही म्हणून ते स्वस्त पडते, हाही टिकत नाही. पैसे जवळपास सारखे असताना निवड कशावर करायची, तर डेटा संपल्यावर काय होते यावर. आणि खरा मुद्दा तिथेच आहे.

प्रीपेडमध्ये रोजचा कोटा संपला की वेग चौसष्ट केबीपीएसवर येतो. व्हॉट्सअॅपचा साधा मजकूर कसाबसा जातो, चित्रफीत चालत नाही. गैरसोय होते, पण खर्च वाढत नाही. पोस्टपेडमध्ये नव्वद जीबी संपले की पुढच्या प्रत्येक जीबीला दहा रुपये आणि वर कर लागतो. गैरसोय होत नाही, खर्च वाढतो. आपल्या घराचा वापर एकशेसाठ जीबी आहे. तो सगळा फोरजीवर झाला तर सत्तर जीबी जास्तीचे, म्हणजे सातशे रुपये अधिक कर, महिन्याला ८२६. बिल १,०६१ वरून १,८८७ वर जाते आणि वर्षाचे २२,६०० च्या पुढे. जी योजना डेटा वाया जाऊ नये म्हणून घेतली, तीच जास्त वापरणाऱ्या माणसामुळे सर्वांत महाग ठरली. पिंप सामायिक असल्यामुळे आणखी एक होते. मुलाने महिन्याच्या विसाव्या दिवशी नव्वद जीबी संपवले, तर एकविसाव्या दिवशी वडिलांनी पाहिलेला नकाशाही जास्तीच्या दराने मोजला जातो. कोणाच्या वापराने बिल वाढले हे तपशील काढून पाहिल्याशिवाय कळत नाही. मग महिनाअखेरीस घरात जो वाद होतो, त्यात बहुतेक वेळा सगळ्यांनाच आपण निर्दोष आहोत असे वाटत असते.

पण हेच घर फाइव्हजीवर असेल तर चित्र पालटते. या कंपनीच्या रोज दोन जीबी किंवा अधिक डेटा देणाऱ्या प्रीपेड प्लॅनवर आणि या पोस्टपेड योजनेवर फाइव्हजी डेटाला मर्यादा नाही. फोन फाइव्हजीचा असेल आणि सिग्नल फाइव्हजीचा मिळत असेल, तर तो वापर कोट्यातून वजाच होत नाही. मुलाच्या एकशेवीस जीबीपैकी शंभर फाइव्हजीवर गेले, तर पिंपातून मोजले जातात फक्त वीस. त्याचे वीस आणि आई-वडिलांचे चाळीस मिळून साठ, नव्वदच्या आत. जास्तीचा एक रुपयाही नाही. शिवाय प्रीपेडमध्ये आई-वडिलांच्या दीड जीबीच्या प्लॅनला अमर्याद फाइव्हजी नसते, पोस्टपेडच्या जोडसिमला असते. त्यांच्याकडेही फाइव्हजी फोन असतील तर त्याच पैशांत पोस्टपेड सरस ठरते. एकच घर, एकच वापर, एकच प्लॅन, आणि नेटवर्क कोणते यावरून वर्षाला दहा हजारांचा फरक.

फोनच्या कोपऱ्यात 5G दिसते, एवढ्यावर भिस्त ठेवू नये. शहरांत फाइव्हजीचा मोठा भार ३,५०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर आहे. त्या वेगवान असतात, पण भिंतीतून आत शिरताना दुबळ्या होतात. गॅलरीत फाइव्हजी आणि आतल्या खोलीत फोरजी, हे जुन्या जाड भिंतींच्या वाड्यात होते तसे नव्या काँक्रीटच्या इमारतीतही होते. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी आत अधिक खोल पोहोचतात, पण त्यांचा उपयोग कंपनीकडे तो पट्टा असला आणि फोनमध्ये त्याची सोय असली तरच. म्हणून तपासणी दुपारी दारात उभे राहून करायची नाही. मुलगा रात्री दहाला ज्या पलंगावर पडून व्हिडिओ पाहतो, तिथे करायची.

तपासण्याची पद्धत सोपी आहे आणि त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. सध्या रोज दोन जीबीचा प्रीपेड प्लॅन असेल तर कंपनीच्या अॅपमध्ये दिवसाचा उरलेला कोटा दिसतो. तासभर व्हिडिओ पाहण्याआधी तो आकडा टिपून ठेवावा आणि पाहून झाल्यावर पुन्हा बघावा. आकडा जेमतेम हलला असेल तर वापर फाइव्हजीवर झाला. एक जीबी कमी झाला असेल तर फोन फोरजीवर होता, वर चिन्ह काही दिसो. आठवडाभर रोज रात्री हे करावे, कारण शनिवार-रविवारचा वापर निराळा असतो. फोनने स्वतः मोजलेला एकूण वापर Settings मध्ये Network & internet किंवा Connections या नावाखाली सापडतो. तो आणि कंपनीने कोट्यातून वजा केलेला आकडा यांतला फरक म्हणजे अमर्याद फाइव्हजीवर झालेला वापर. हे दोन आकडे हाती आले की निवड जवळजवळ आपोआप होते.

समजा, तपासात निघाले की मुलाचा बराच वापर घरात बसून आणि फोरजीवरच होतो. तर मग? पोस्टपेड बाद, हे वर दिसलेच. प्रीपेडमध्ये रोज तीन जीबीचा चौऱ्याऐंशी दिवसांचा १,१९९ चा प्लॅन त्याला दिला तर घराचे वर्षाचे सुमारे १४,१०० होतात. तरी रोज एक जीबी कमी पडतोच. तो एकेक जीबीच्या एकोणीस रुपयांच्या पूरक पॅकने भरून काढला तर महिन्याला ५७० रुपये आणि वर्षाची बेरीज एकवीस हजारांच्या आसपास. अशा वेळी मोबाइल प्लॅनमध्ये उत्तर शोधणेच चुकीचे आहे. घरात तारेचे ब्रॉडबँड घ्यावे. तीस एमबीपीएसचे साधे कनेक्शन ३९९ रुपये अधिक कर, म्हणजे महिन्याला ४७१ आणि वर्षाला ५,६५० रुपये. त्याची मर्यादा महिन्याला ३,३०० जीबी आहे, आपल्या घराच्या सगळ्या वापराच्या वीसपट. मग आईचा प्लॅन अठ्ठावीस दिवसांना दोन जीबीच्या १८९ च्या प्लॅनवर आणता येतो, मुलाला बाहेरच्यापुरते दोन जीबी रोज पुरतात आणि वडील दीड जीबीवर राहतात. मोबाइलचे ११,६१५ आणि ब्रॉडबँडचे ५,६५० मिळून सुमारे १७,२६५. कोणाचाही वापर न कापता पोस्टपेडपेक्षा पाच हजारांहून अधिक वाचतात. एक अट मात्र आहे. मुलगा खरोखर घरात बसून वापरत असला पाहिजे. तो पुण्याला वसतिगृहात राहत असेल तर नाशिकच्या घरातल्या ब्रॉडबँडचा त्याला काहीच उपयोग नाही.

पोस्टपेडच्या बाजूने एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. प्रीपेड विसरले जाते. आजीच्या सिमची मुदत संपते, कोणाच्या लक्षात येत नाही आणि तिचा फोन लागेनासा होतो. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ही नुसती गैरसोय नव्हे. डॉक्टरांचा फोन, बँकेचा ओटीपी, गॅस सिलिंडरचा संदेश, सगळे तिथे अडते. पोस्टपेडमध्ये असे अचानक होत नाही, हे खरे. पण यावर उपाय आहे आणि तो प्लॅन न बदलता करता येतो. चारही सिमना चौऱ्याऐंशी दिवसांचे प्लॅन एकाच दिवशी घालावेत, म्हणजे वर्षाला चार-पाच तारखाच लक्षात ठेवाव्या लागतात. मुदत संपण्याआधी केलेला रिचार्ज वाया जात नाही, तो रांगेत राहतो आणि आधीचा संपला की सुरू होतो. यूपीआयवर आपोआप भरण्याची सोयही प्रीपेडला आहे. क्रमांकच हातचा जाईल अशी भीती असेल तर ट्रायचा नियम माहीत असावा. नव्वद दिवस काहीच वापर झाला नाही तरच सिम बंद करता येते, आणि खात्यात वीस रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत पुढे तीस दिवस वाढते. ज्या घरात या तारखा सांभाळणारे कोणीच नाही, तिथे मात्र थोडे जास्त पैसे गेले तरी आजीचे सिम पोस्टपेडमध्येच असावे.

दुसरा आक्षेप ओटीटीचा. पोस्टपेडवर अमुक-तमुक फुकट मिळते, म्हणून ते स्वस्त, असे सांगितले जाते. ज्या सेवेसाठी घर आजही पैसे मोजते आहे, तेवढीच रक्कम हिशेबातून वजा करावी. जी सेवा फुकट मिळाली म्हणून पाहू लागू, ती बचत नाही. उलट तिने डेटाचा वापरच वाढतो.

तिसरी गोष्ट कमी बोलली जाते, पण माझ्या मते जास्त वापरणाऱ्यासाठी ती महत्त्वाची आहे. कुटुंब योजना चौघांना एका कंपनीशी बांधते. मुलाच्या वसतिगृहात दुसऱ्या कंपनीचे फाइव्हजी चांगले येत असेल, तर प्रीपेडमध्ये तो एकटा निघून जाऊ शकतो. १९०० वर PORT लिहून, एक जागा सोडून आपला क्रमांक लिहून पाठवला की कोड येतो, तो चार दिवस चालतो, आणि काही दिवसांत क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलते. पोस्टपेडमधूनही जाता येते, पण आधीचे बिल थकलेले असेल तर कोड नाकारला जातो. आणि मुख्य सिमच बाहेर पडले तर जोडसिमांची व्यवस्था पुन्हा नव्याने लावावी लागते. दोन्ही बाजूंना एक नियम सारखाच आहे. नव्या कंपनीत गेल्यावर नव्वद दिवस पुन्हा कंपनी बदलता येत नाही. म्हणून वसतिगृहात आधी मित्राच्या फोनवर त्या कंपनीचे नेट त्याच खोलीत तपासून मगच बदल करावा.

तपासणीनंतरही पोस्टपेडच घ्यायचे ठरले तर मुख्य सिम कोणाचे ठेवायचे, याचाही विचार करावा. मुलाचे ठेवू नये, कारण घर सोडून जाण्याची शक्यता त्याचीच सर्वांत जास्त. योजना घेण्याआधी दोन गोष्टी लेखी वाचून घ्याव्यात. डेटा खरोखर सामायिक आहे की प्रत्येक सिमला वाटून दिलेला, कारण वाटून दिलेला असेल तर पिंपाचा फायदाच नाहीसा होतो. आणि कोटा संपल्यावर वेग कमी होतो की प्रति जीबी पैसे लागतात. पैसे लागत असतील तर मुलाच्या फोनमध्ये Data limit लावून ठेवावी आणि आई-वडिलांच्या फोनवर येणारे वापराचे संदेश बंद करू नयेत. त्याच कंपनीत प्रीपेडवरून पोस्टपेडवर जाणे आता ओटीपीवर होते. पटले नाही तर परत यायला पूर्वी नव्वद दिवस थांबावे लागे. जून २०२५ पासून पहिल्यांदा परत फिरायचे असेल तर ती अट तीस दिवसांवर आली आहे. म्हणजे एक पूर्ण बिल हाती पडते, त्यातला प्रत्येक सिमचा वापर दिसतो, आणि मग राहायचे की परतायचे ते ठरवता येते.